35 टक्के एनसीबी काय सांगतो?

*आईला डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा गुहागरहून चिपळूणला न्यावं लागतं, म्हणून जुनी गाडी बघतेय. चिपळूणच्या एका डीलरकडे मार्च 2019 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, पासिंग एमएच 08, किंमत 4 लाख 10 हजार. त्याने एका वेबसाइटवरून गाडीच्या इतिहासाचा रिपोर्ट काढून दिलाय. त्यात मालक एक, कर्ज नाही, अपघात किंवा क्लेमची नोंद नाही, विमा मार्च 2026 पर्यंत, असं लिहिलंय. विम्याच्या कागदावर एनसीबी 35 टक्के दिसतो. तो 50 हजार टोकन मागतोय. रिपोर्ट एवढा स्वच्छ असताना अजून काही तपासायचं राहतं का?*
*— एक वाचक, गुहागर*

ताई, टोकन आत्ता देऊ नका. गाडी वाईटच आहे असं मी म्हणत नाही. पण तुम्ही लिहिलेल्या एका आकड्यात आणि रिपोर्टमधल्या एका ओळीत मेळ बसत नाही, आणि त्याचा उलगडा होईपर्यंत पैसे तुमच्याकडेच असलेले बरे.

तो आकडा म्हणजे 35 टक्के एनसीबी. नो क्लेम बोनस ही विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट आहे. ती फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर मिळते, थर्ड पार्टीच्या भागावर नाही. तिच्या पायऱ्या सगळ्या विमा कंपन्यांत सारख्याच आहेत. क्लेम न घेता एक वर्ष गेलं की 20 टक्के, सलग दुसरं गेलं की 25, तिसरं 35, चौथं 45, पाचवं 50, आणि त्यापुढे 50 वरच थांबते. मध्ये एकदा जरी क्लेम घेतला तरी पुढच्या नूतनीकरणाला ती शून्यावर येते आणि पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरुवात होते. क्लेम काचेचा असो की इंजिनाचा, नियम तोच.

आता तुमच्या गाडीचा हिशोब मांडू. पहिली पॉलिसी मार्च 2019 ची. एकही क्लेम नसता तर मार्च 2020 ला 20, 2021 ला 25, 2022 ला 35, 2023 ला 45 आणि 2024 ला 50 टक्के झाले असते. मार्च 2025 मध्ये सुरू झालेल्या सध्याच्या पॉलिसीवरही 50 च दिसायला हवे होते. तिथे 35 आहेत. 35 म्हणजे मागची तीनच वर्षं सलग क्लेमशिवाय गेली आहेत. मार्च 2025 ला 35, तर 2024 ला 25, 2023 ला 20 आणि मार्च 2022 ला शून्य. मार्च 2022 ला शून्य होण्याचं सगळ्यात सरळ कारण एकच, मार्च 2021 ते मार्च 2022 या वर्षात कधीतरी क्लेम घेतला गेला. आणि चिपळूणच्या गाडीच्या बाबतीत त्या वर्षात 22 जुलै 2021 येतो. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तो दिवस. तुम्हाला त्याबद्दल वेगळं सांगायला नको.

त्या पुरानंतर मोटार विम्याचा सर्वेक्षक म्हणून मी अशा गाड्या बघितल्या आहेत. डॅशबोर्डपर्यंत चिखलात बुडालेली गाडी दोन महिन्यांनी धुऊन, पॉलिश करून, नवीन सीट कव्हर घालून उभी केली की ओळखू येत नाही. म्हणून हा आकडा मी सोडून देऊ शकत नाही. पण आकड्याने क्लेम सुचवला म्हणजे पूर सिद्ध झाला असं होत नाही, म्हणून पुढचं सविस्तर लिहितो.

आधी रिपोर्टमधली ती ओळ, 'अपघात किंवा क्लेमची नोंद नाही'. गाडीवर आजवर किती क्लेम झाले हे खरेदीदाराला उघडपणे पाहता येईल अशी कुठलीही नोंदवही आपल्याकडे नाही. विमा कंपन्यांचा डेटा इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरोकडे जमा होतो, पण सामान्य माणसाला तिथून फार तर गाडीवर कोणत्या कंपनीची पॉलिसी आहे एवढंच कळतं. परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर विम्याची मुदत दिसते, क्लेम दिसत नाही. हे रिपोर्ट विकणाऱ्या वेबसाइटही बहुतेक माहिती त्याच पोर्टलवरून उचलतात. त्यामुळे 'नोंद नाही' याचा अर्थ त्यांना नोंद मिळाली नाही, एवढाच घ्यायचा. क्लेम झाला नाही, असा तो अर्थ नाही.

आता 35 टक्क्यांची दुसरी कारणंही असू शकतात, आणि ती तपासल्याशिवाय डीलरवर आरोप करू नका. एक कारण म्हणजे विमा खंडित होणं. मुदत संपल्यावर 90 दिवसांत नूतनीकरण केलं नाही तर साठलेला एनसीबी जातो. कोरोनाच्या काळात अनेकांच्या गाड्या दारात उभ्या होत्या, त्यामुळे हे अगदी शक्य आहे. दुसरं म्हणजे मधल्या एखाद्या वर्षी मालकाने फक्त थर्ड पार्टी विमा घेतला असेल, तर त्या वर्षाची पायरी मिळत नाही. तिसरं कारण मालक बदलणं. एनसीबी गाडीचा नसतो, माणसाचा असतो. गाडी विकली की जुना मालक तो आपल्या पुढच्या गाडीवर घेऊन जातो आणि नवा मालक शून्यापासून सुरू करतो. पण तुमच्या रिपोर्टमध्ये मालक एकच आहे, म्हणून हे कारण इथे लागू पडायला नको. पडलं, तर 'मालक एक' ही ओळच खोटी ठरते. त्याकडे पुढे येतो.

यातलं कोणतं कारण खरं, हे ठरवायला दोनच कागद पुरतात: मार्च 2021 ची पॉलिसी आणि मार्च 2022 ची पॉलिसी. पॉलिसीचं पहिलं पान, ज्याला शेड्यूल म्हणतात, त्यावर सुरुवातीची आणि शेवटची तारीख, आधीच्या पॉलिसीचा नंबर आणि एनसीबीची टक्केवारी छापलेली असते. पहिली ज्या दिवशी संपते त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुसरी सुरू झाली असेल, दोन्हींत स्वतःच्या नुकसानीचा विमा असेल, नाव तेच असेल आणि तरीही दुसरीवर एनसीबी शून्य असेल, तर क्लेम झाला होता हे जवळपास नक्की समजा. दोन पॉलिसींच्या मध्ये तीन महिन्यांहून मोठी फट असेल, तर खंड पडला म्हणून शून्य झालं असेल. ही गाडी 2019 ची असल्याने पहिल्या तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सुरुवातीलाच एकत्र घेतलेला असणार आणि स्वतःच्या नुकसानीचा विमा मात्र बहुधा दरवर्षी वेगळा. म्हणून 2021 साठी दोन कागद निघाले तर गोंधळू नका. आपल्याला नुकसानीच्या विम्याचा कागद हवा आहे.

डीलर म्हणेल, जुन्या पॉलिसी कोण ठेवतं? मालकाच्या ईमेलमध्ये त्या असतात, आणि नसल्या तर कंपनी प्रत देते. क्लेमचा तपशील मात्र कंपनी तुम्हाला देणार नाही, मालकालाच देईल. म्हणून मालकाने कंपनीच्या ग्राहक सेवेला स्वतःच्या ईमेलवरून एवढंच लिहायचं: 'माझ्या या क्रमांकाच्या गाडीच्या मार्च 2021 ते मार्च 2022 या काळातील पॉलिसीवर क्लेम झाला असल्यास त्याची तारीख, कारण आणि मंजूर रक्कम कळवावी.' मधल्या काळात विमा कंपनी बदलली असेल तर हे पत्र जुन्या कंपनीला जायला हवं. नव्या कंपनीकडे आधीच्या क्लेमचा तपशील नसतो.

उत्तरातल्या रकमेवरून बरंच कळतं. दहा-पंधरा हजारांचा क्लेम म्हणजे बहुधा बंपर, आरसा, दार. अशा क्लेमची काळजी करू नका. कोकणातल्या घाटरस्त्यांवर आणि आपल्या अरुंद आळ्यांमध्ये गाडीला एवढं होतंच. रक्कम लाखांत असेल आणि तारीख जुलै किंवा ऑगस्ट 2021 ची असेल, तर कारणाच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघा. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा उतरवलेल्या किमतीच्या 75 टक्क्यांच्या वर गेला तर कंपनी गाडी पूर्ण नुकसान धरते, मालकाला पैसे देते आणि गाडी भंगाराच्या भावात व्यापाऱ्याकडे जाते. तिथून दुरुस्त होऊन ती पुन्हा बाजारात येऊ शकते.

पुरात बुडालेल्या, पण जिच्या दुरुस्तीचे पैसे मालकाने खिशातून भरले अशा गाडीचं काय? तिचा क्लेमच नसतो, त्यामुळे एनसीबी चढतच राहतो. तसंच 'एनसीबी प्रोटेक्ट' हे वाढीव कवच घेतलेलं असेल तर क्लेम होऊनही टक्केवारी खाली येत नाही. म्हणजे 50 टक्के दिसले म्हणून गाडी निर्धोक असं उलट बाजूने म्हणता येत नाही. उद्या हा डीलर तुम्हाला दुसरी, 50 टक्केवाली गाडी दाखवेल तेव्हा हे लक्षात ठेवा.

ही उणीव भरून काढते ती सर्व्हिस हिस्टरी. गाडीच्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये प्रत्येक वेळी जॉबकार्ड उघडतं. त्यावर तारीख, किलोमीटर, काय काम केलं आणि पैसे कोणी भरले, ग्राहकाने की विमा कंपनीने, याची नोंद असते. मालकाला बरोबर घेऊन, किंवा त्याने फोनवर सांगितलं तर, गाडीच्या नंबरवरून ही यादी निघते. जून 2021 ते डिसेंबर 2021 एवढाच भाग आधी वाचा. वायरिंग हार्नेस, इंजिनाचं कंट्रोल युनिट, एसीचा ब्लोअर, सीट बेल्ट, कार्पेट हे भाग एकाच जॉबकार्डवर बदललेले दिसले तर गाडी पाण्यात होती. धडक बसलेल्या गाडीत हे सगळे भाग एकदम जात नाहीत. तिच्यात बंपर, बोनेट, रेडिएटर, दिवे अशी यादी असते. आणि गाडी त्या काळात अधिकृत सेंटरला आलीच नाही, आधी नियमित यायची आणि नंतर एकदम बंद झाली, तर काम बाहेर झालं असण्याची शक्यता धरून पुढे जा.

मग गाडी प्रत्यक्ष बघताना एका गोष्टीची काळजी घ्या. आपल्याकडे खाऱ्या वाऱ्याने गाडीच्या खालच्या बाजूला गंज येतोच. सायलेन्सर, सस्पेन्शनचे बोल्ट, दारांची खालची कड गंजलेली दिसली म्हणून घाबरू नका. बघायचा तो वरचा गंज. मेकॅनिकला डॅशबोर्डच्या खाली, पेडलच्या वरच्या बाजूला असलेल्या लोखंडी पट्ट्या टॉर्च लावून बघायला सांगा. तिथे वारा किंवा पावसात भिजलेली चप्पल पोचत नाही, पुराचं पाणी पोचतं. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. गुंडाळलेल्या आतल्या भागावर मातीची रेघ किंवा वेगळा रंग आहे का ते पाहा. स्टेपनीच्या खड्ड्यात, फ्यूज बॉक्सच्या कोपऱ्यात आणि कार्पेट उचलून त्याखालच्या फोममध्ये बारीक गाळ बसलेला असतो. कार्पेट उचलू द्यायला डीलर तयार नसेल तर तिथेच थांबा.

आता मालक आणि कर्ज. रिपोर्ट कोणत्या दिवशी काढला हे बघा आणि त्यावर विसंबण्याऐवजी स्वतः वाहन पोर्टल उघडा. vahan.parivahan.gov.in वर किंवा एमपरिवहन ॲपमध्ये मोबाइल नंबरने लॉगिन करून गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, आरटीओ, आरसी चालू आहे की नाही, विमा आणि पीयूसीची मुदत, आणि फायनान्स दिसतं. मालकाचं नाव पूर्ण दिसत नाही, मधली अक्षरं झाकलेली असतात. पण डीलर ज्याला मालक म्हणतो त्याच्या आधार कार्डावरच्या नावाशी ती उघडी अक्षरं जुळतात का, एवढं पडताळता येतं. आरसीच्या कार्डावर मालकाचा अनुक्रमांक छापलेला असतो, तो 1 हवा. चेसिस नंबर गाडीवर कोरलेला आणि कार्डावरचा एकच आहे का, तेही डोळ्यांनी बघा.

आरसी हा गाडीचा सातबारा समजा. ज्या व्यवहाराचा फेरफार घातला नाही तो सातबाऱ्यावर उमटत नाही, तसंच इथे. पहिल्या मालकाने गाडी कोऱ्या सह्यांच्या फॉर्म 29 आणि 30 सकट विकली, दुसऱ्याने दोन वर्षं वापरली आणि नाव ट्रान्सफर न करताच डीलरला दिली, तर पोर्टलवर मालक एकच दिसणार. याचा माग पुन्हा सर्व्हिस हिस्टरीत लागतो. जॉबकार्डवरचं ग्राहकाचं नाव आणि मोबाइल मध्येच बदलला असेल, किंवा चिपळूणला सर्व्हिस होणारी गाडी अचानक कोल्हापूरला जायला लागली असेल, तर मधला माणूस कोण ते विचारा. फास्टॅग कोणाच्या नावावर आहे हेही विचारून बघा.

म्हणूनच मूळ मालकाशी तुमचं स्वतःचं बोलणं व्हायलाच हवं. डीलरने ते करून दिलं नाही तर जुन्या पॉलिसी मिळणार नाहीत, क्लेमचं पत्र मिळणार नाही, आणि ट्रान्सफरच्या वेळी मालकाच्या मोबाइलवर जाणारा ओटीपीही अडेल. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं आणि गाडी ताब्यात आल्याचं पोर्टलवर कळवायचं, असा नियम आहे. हे अधिकारपत्र दाखवा, असं त्यांना सरळ म्हणा. त्यात अवघडण्यासारखं काही नाही.

कर्जाचं सोपं आहे, पण एक पेच आहे. फायनान्सच्या रकान्यात बँकेचं नाव असेल तर डीलरने 'कर्ज फिटलंय' म्हणून दाखवलेली शेवटच्या हप्त्याची पावती पुरत नाही. बँकेची एनओसी आणि बँकेच्या सहीचा फॉर्म 35 आरटीओकडे गेला की मगच आरसीवरची कर्जाची नोंद, म्हणजे एचपी, उतरते. कर्ज फेडून एचपी उतरवायची राहिलेल्या गाड्या पुष्कळ असतात, त्यात फसवणूक असतेच असं नाही, पण ते काम तुमचे पैसे देण्याआधी मालकाने पूर्ण करावं. तुमच्या रिपोर्टात रकाना रिकामा आहे. आज पोर्टलवरही तो रिकामाच आहे का, ते बघा, कारण रिपोर्ट काढल्यानंतर नवं कर्ज चढलेलं असू शकतं. आणि मूळ आरसी हातात घेऊन बघितल्याशिवाय हा भाग संपला असं धरू नका. कोणी ओळखीत किंवा एखाद्या सावकाराकडे मूळ आरसी ठेवून पैसे उचलले असतील तर ते कुठल्याच पोर्टलवर येत नाही. कार्ड 'डुप्लिकेट' असेल तर मूळ कार्ड का हरवलं आणि त्याची पोलिसांत दिलेली तक्रार कुठे आहे, हे विचारा.

चलनं mahatrafficechallan.gov.in वर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकून बघता येतात. थकलेली असतील तर ती विक्रेत्याने भरायची. त्यातली ठिकाणंही वाचा, गाडी कुठे फिरत होती ते कळतं.

माझं मत विचाराल तर असं. मालक भेटला, दोन्ही पॉलिसी मिळाल्या, आणि शून्याचं कारण खंड किंवा छोटा क्लेम निघालं, तर गाडी मेकॅनिकला दाखवून घ्यायला हरकत नाही. पुराचा क्लेम निघाला तर 50-60 हजार कमी करून देतो म्हटलं तरी घेऊ नका. पाणी गेलेल्या वायरिंगच्या जोडण्या आतून हळूहळू गंजतात आणि दोन-तीन पावसाळ्यांनी कधीही दगा देतात. कधी गाडी चालू होत नाही, कधी एअरबॅगचा दिवा लागून राहतो. एखादा माणूस गावात फिरायला म्हणून अशी गाडी स्वस्तात घेईल आणि निभावून नेईल. तुमच्या आईची डायलिसिसची वेळ मात्र गाडीसाठी थांबणार नाही.

आणि टोकन द्यायची वेळ आलीच तर 50 हजार नको, पाच-दहा हजार द्या, रोख न देता खात्यावर द्या. पावतीवर गाडीचा नंबर, चेसिस नंबर आणि हे वाक्य लिहून डीलरची सही घ्या: 'मार्च 2021 ते मार्च 2022 मधील विमा क्लेमचे कारण पाणी किंवा पूर असल्याचे आढळल्यास, अथवा गाडीवर कोणतेही कर्ज निघाल्यास, टोकनची पूर्ण रक्कम सात दिवसांत परत करू.' सही करायला तो कां-कूं करू लागला, तर दुसरी गाडी बघायला लागा.